‘द’ कुठे लावायचा? मराठी संशोधकाच्या इंग्रजी पेपरची भाषा कशी तपासतात

पेपर पाठवून काही महिने झाले की जर्नलकडून उत्तर येतं आणि त्यात परीक्षकाचं एक वाक्य हमखास असतं: पेपरची भाषा इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी. नेमकं काय चुकलं, हे मात्र त्यात नसतं. ज्याने दोन-तीन हंगाम शेतात प्लॉट मांडले, नमुने वाळवले, आकडेमोड केली, त्याला हे वाक्य लागतं. पण त्यावरून दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही. मग इंग्रजीच्या एखाद्या प्राध्यापकांना पेपर दाखवला जातो. ते भाषा गोंडस करून देतात, आणि परत तेच उत्तर येतं.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. २०२३ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात तात्सुया आमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक सर्वेक्षण छापून आलं. आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांना त्यांनी प्रश्न विचारले होते. भाषेच्या कारणावरून पेपर नाकारला जाण्याचं प्रमाण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांमध्ये सुमारे अडीच पट जास्त निघालं आणि ‘भाषा सुधारून आणा’ असं सांगितलं जाण्याचं प्रमाण साडेबारा पट. त्या आठ देशांत भारत नव्हता. नेपाळ आणि बांगलादेश मात्र होते, तेव्हा आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला जागा नाही.

मी अशा पेपरांची भाषा तपासतो. मराठी माणसाच्या पेपरातल्या चुका बहुतेक तीनच जागी सापडतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदं, ज्यांना शाळेत आर्टिकल म्हणायचे. ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘बाय’सारखी प्रिपोझिशन्स, म्हणजे आपल्या विभक्तिप्रत्ययांचं आणि शब्दयोगी अव्ययांचं काम करणारे छोटे शब्द. आणि तिसरी जागा म्हणजे मनात मराठीत तयार होऊन इंग्रजी कपडे घालून आलेली वाक्यं. समजायला सोपं जावं म्हणून एक पेपर कल्पू या: नाशिक जिल्ह्यातला रब्बी कांदा, ठिबक सिंचन आणि जांभळा करपा. पेपर काल्पनिक आहे, चुका रोजच्या आहेत.

## मराठीत ‘द’ नाही, पण ‘द’चं काम आहे

मराठीत उपपद नाही म्हणून आपल्याला ते जमत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कुठलं तरी एक पुस्तक आहे, ऐकणाऱ्याला ते नवीन आहे. दुसऱ्यात आपण ज्याबद्दल बोलत होतो तेच पुस्तक आहे. शब्द तेच, फक्त जागा बदलली. तसंच ‘आम्ही डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कुणीही चालेल, आणि ‘आम्ही डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ठरावीक डॉक्टर, मघाशी इथेच होते ते. ओळखीचं आणि अनोळखी हा फरक आपण दिवसभर करत असतो. फक्त तो शब्दक्रमातून आणि ‘ला-ना’ प्रत्ययातून करतो. इंग्रजीत शब्दक्रम जवळपास पक्का असतो, हलवायची सोय नाही, म्हणून तेच काम ‘अ’ आणि ‘द’ करतात.

गावात कुणी येऊन सांगितलं की ‘सरपंच आले’, तर कोणते सरपंच असं कुणी विचारत नाही. गावाला सरपंच एकच असतो. ‘मेंबर आले’ म्हटलं तर लगेच प्रश्न येतो, ‘कोणते?’ इंग्रजीतला ‘द’ हा सरपंचाला लागतो आणि पहिल्यांदा आलेल्या मेंबरला ‘अ’. त्याच मेंबरबद्दल पुढे बोलणं चालू राहिलं की तोही ‘द’ होतो.

पेपर तपासताना प्रत्येक नामापाशी थांबून हाच एक प्रश्न विचारायचा: वाचणारा इथे ‘कोणता?’ असं विचारेल का? विचारणार असेल आणि वस्तू एक असेल तर ‘अ’. विचारणार नसेल तर ‘द’. ‘अ फील्ड एक्सपेरिमेंट वॉज कंडक्टेड’ इथे प्रयोग पहिल्यांदाच येतो आहे. पुढच्या वाक्यात तोच ‘द एक्सपेरिमेंट’ होतो. ‘द यील्ड ऑफ द कंट्रोल प्लॉट्स’ इथे उत्पादनाचा उल्लेख पहिल्यांदा असला तरी ‘ऑफ’च्या पुढच्या शब्दांनी ते कुणाचं हे सांगून टाकलं आहे, म्हणून ‘द’. आणि सगळ्याच कांद्यांबद्दल, सगळ्याच बुरशींबद्दल बोलायचं असेल तर अनेकवचन आणि उपपद काहीच नाही.

हे तिसरं, काहीच न लावणं, आपल्याला सगळ्यात जड जातं. एकदा परीक्षकाचा ओरडा खाल्ला की आपण भीतीपोटी प्रत्येक नामाला ‘द’ लावत सुटतो, आणि पेपर आधीपेक्षा वाईट होतो.

## ‘द’ चुकला तर दावा बदलतो

उपपद हा भाषेचा नट्टापट्टा असता तर त्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. ‘फार्मर्स प्रिफर्ड ड्रिप इरिगेशन’ याचा अर्थ शेतकरी म्हणून जे कुणी आहेत त्यांना ठिबक आवडलं. ‘द फार्मर्स प्रिफर्ड ड्रिप इरिगेशन’ म्हणजे आम्ही ज्यांची मुलाखत घेतली त्या शेतकऱ्यांना. पहिलं वाक्य अख्ख्या शेतकरी समाजाबद्दलचा दावा आहे आणि तो चाळीस जणांच्या मुलाखतीवर टिकत नाही. परीक्षक लिहितो, ‘निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा आहे.’ संशोधक चक्रावतो, कारण त्याने तसा निष्कर्ष काढलेलाच नसतो. एक ‘द’ राहिलेला असतो.

याहून घातक जागा ‘फ्यू’ची आहे. आपण मनात म्हणतो, ‘काही रोपं जगली’ आणि लिहितो ‘फ्यू प्लांट्स सर्व्हाइव्ह्ड’. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो: रोपं फारशी जगलीच नाहीत. ‘काही रोपं जगली’साठी ‘अ फ्यू प्लांट्स’ हवं. एका अक्षराच्या ‘अ’ने वाक्य निराशेकडून आशेकडे जातं. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तसंच. पेपर तपासताना मी ‘फ्यू’ आवर्जून शोधतो आणि प्रत्येक ठिकाणी लेखकाला विचारतो, किती? बहुतेक वेळा आकडा तक्त्यात असतोच. मग ‘फ्यू’ काढून तो आकडा लिहिणं हाच उत्तम उपाय.

दुसरी एक अडचण मराठी अनेकवचनातून येते. आपल्याकडे पुरावे असतात, संशोधनं असतात, उपकरणं असतात. म्हणून ‘एव्हिडन्सेस’, ‘रिसर्चेस’, ‘इक्विपमेंट्स’ लिहिले जातात. इंग्रजीत हे शब्द पाण्यासारखे मोजता न येणारे धरतात, त्यामुळे त्यांना ना ‘अ’ लागतो ना शेवटचा ‘स’. ‘अ रिसर्च वॉज डन’ ऐवजी ‘अ स्टडी वॉज डन’ असं मोजता येणारं नाम घेतलं की प्रश्न मिटतो.

बाकीचे नियम पाठ करून टाकावेत असे आहेत. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं. म्हणून ‘ॲन एचपीएलसी कॉलम’, ‘ॲन एक्सआरडी पॅटर्न’, पण ‘अ यूव्ही लॅम्प’. आकडा जोडलेल्या तक्त्याला आणि आकृतीला ‘द’ नाही: ‘इन टेबल ३’. ‘ॲट रूम टेंपरेचर’ला नाही. महाराष्ट्राला नाही, मराठवाड्याला नाही, पण ‘मराठवाडा रीजन’ म्हटलं की ‘द’ येतो. नद्यांना आणि पर्वतरांगांना लागतो, म्हणून ‘द गोदावरी’, ‘द वेस्टर्न घाट्स’. सरोवराला लागत नाही, म्हणून नुसतं ‘लोणार लेक’. यामागचं कारण शोधत बसू नये. ते सापडत नाही आणि पेपर तिथेच राहतो.

## एक ‘वर’, त्यांचे तीन

आपला ‘वर’ फार कष्टाळू आहे. नमुना ६० अंशांवर वाळवतो, पानावर चट्टे पडतात, उत्पादनावर परिणाम होतो. इंग्रजीत तापमानाला ‘ॲट’, पानाला ‘ऑन’. परिणाम हे नाम असेल तर ‘इफेक्ट ऑन यील्ड’ आणि क्रियापद असेल तर ‘अफेक्टेड यील्ड’, मधे काहीच नाही. आपण मात्र ‘अफेक्टेड ऑन यील्ड’ लिहितो, कारण मनातला ‘वर’ स्वस्थ बसू देत नाही. ‘बद्दल चर्चा केली’तून ‘डिस्कस्ड अबाउट’ येतं आणि ‘वर भर दिला’मधून ‘एम्फसाइझ्ड ऑन’. दोन्हीकडचं प्रिपोझिशन काढायचं, झालं.

‘ने’ हा असाच. चाकूने कापलं, ठिबकने पाणी दिलं, स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजलं. सगळीकडे ‘बाय’ पडतो. हत्यार हातात धरून केलेल्या कामाला ‘विथ अ नाइफ’ आणि यंत्रावर घेतलेल्या मोजमापाला ‘यूझिंग अ स्पेक्ट्रोफोटोमीटर’ बरं. ‘बाय’ पद्धतीसाठी राखून ठेवावा. शिवाय ‘बाय नाइफ’ लिहिलं की उपपद गळतं आणि एका जागी दोन चुका होतात. ‘गेल्या पाच वर्षांपासून’चं ‘फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स’ होतं, तिथे ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’ हवं.

या चुका वाचणाऱ्याला खटकतात, पण फसवत नाहीत. फसवतो तो ‘पर्यंत’. प्रक्रिया न केलेल्या प्लॉटमध्ये करप्याची तीव्रता ३० टक्के होती, असं समजू. पेपरात लिहिलंय, ‘डिसीज सिव्हिअरिटी वॉज रिड्यूस्ड अप टू २०%’. लेखकाच्या मनात आहे: तीव्रता २० टक्क्यांपर्यंत खाली आली. ‘रिड्यूस्ड टू २०%’ लिहिलं असतं तर अर्थ निघाला असता, उरली २०. ‘रिड्यूस्ड बाय २०%’ लिहिलं तर ३०च्या वीस टक्के, म्हणजे ६ वजा, उरली २४. ‘बाय २० पर्सेंटेज पॉइंट्स’ लिहिलं तर सरळ ३० वजा २०, उरली १०. आणि आहे तसं ‘अप टू’ ठेवलं तर वाचणारा समजतो की जास्तीत जास्त घट २० टक्के झाली, ती कुठल्या तरी एका प्लॉटमध्ये, बाकी ठिकाणी त्याहून कमी. एका प्रिपोझिशनवर चार वेगळे निकाल लटकलेत आणि यातला कुठला खरा, हे भाषा तपासणारा वाक्यावरून सांगूच शकत नाही. तक्ता उघडून बघावा लागतो.

अशीच उलटापालट ‘ऐवजी’मुळे होते. युरियाऐवजी कंपोस्ट खत वापरलं, हे ‘सबस्टिट्यूट’ वापरून लिहायचं तर ‘कंपोस्ट वॉज सबस्टिट्यूटेड फॉर युरिया’ असं नवी वस्तू आधी घेऊन लिहावं लागतं. आपण मराठी क्रमाने युरिया आधी लिहितो आणि ‘फॉर’ तसाच ठेवतो, की कंपोस्ट काढून युरिया घातला असा अर्थ होतो. ‘युरिया वॉज रिप्लेस्ड विथ कंपोस्ट’ हे त्यामानाने निर्धोक, क्रम आपल्या सवयीचाच राहतो.

## पीक ‘घेतलं’, पाणी ‘दिलं’, फवारणी ‘घेतली’

कृषी विद्यापीठांतल्या पेपरांत हे इतकं आढळतं की ते वाचून लेखकाचा तालुकाही ओळखता येईल असं मी गमतीने म्हणतो. आपण पीक घेतो, म्हणून ‘ओनियन क्रॉप वॉज टेकन’. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, पीक कुणी तरी नेलं किंवा काढून घेतलं. त्याला ‘ग्रोन’ हवं. आपण पाणी देतो, म्हणून ‘वॉटर वॉज गिव्हन’. तिथे ‘द प्लॉट्स वेअर इरिगेटेड’. खत देतो, तर ते ‘अप्लाइड’. फवारणी घेतो, चाचणी घेतो, निरीक्षणं घेतो. यातलं शेवटचं मात्र इंग्रजीतही चालतं, ‘रीडिंग्ज वेअर टेकन’ला कुणी हरकत घेत नाही. म्हणून सरसकट ‘टेकन’ पुसून चालत नाही, प्रत्येक जागा बघावी लागते.

दुसरी सवय आपल्या सरकारी मराठीची आहे: ‘करण्यात आले’ आणि ‘असे दिसून आले की’. पहिलीतून ‘वॉज डन’, ‘वॉज कॅरीड आउट’ येतात. ‘वीडिंग वॉज डन’ ऐवजी ‘द प्लॉट्स वेअर वीडेड’ म्हटलं की काम करणारं क्रियापद पुढे येतं. दुसरीतून प्रत्येक निष्कर्षाआधी ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट’ येतं. ते बहुतेक ठिकाणी नुसतं खोडायचं. ‘निकाल’ या मथळ्याखाली जे लिहिलंय ते दिसूनच आलेलं असणार.

## एक परिच्छेद, वाक्यागणिक

आता आपल्या काल्पनिक पेपरातला एक तुकडा घेऊ. पहिलं वाक्य: ‘फील्ड एक्सपेरिमेंट वॉज कंडक्टेड इन रब्बी सीझन ऑन ओनियन क्रॉप.’ प्रयोग पहिल्यांदा आला, म्हणून ‘अ’. हंगाम कुठला ते ठरलेलं आहे, म्हणून ‘द’, आणि वर्ष हवं. कांदा म्हटल्यावर पुन्हा ‘क्रॉप’ नको. रब्बी हा शब्द नाशिकमध्ये लहान पोरालाही कळतो, पण चिलीतल्या वाचकाला नाही, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘विंटर’ जोडायचं. झालं: ‘अ फील्ड एक्सपेरिमेंट ऑन ओनियन वॉज कंडक्टेड ड्युरिंग द रब्बी, ऑर विंटर, सीझन ऑफ २०२२–२३.’

दुसरं: ‘सोइंग वॉज डन इन डिसेंबर अँड इरिगेशन वॉज गिव्हन बाय ड्रिप.’ इथे मी थांबतो. रब्बी कांद्याची रोपं आधी गादीवाफ्यावर तयार करतात आणि डिसेंबर-जानेवारीत शेतात लावतात. मग डिसेंबरमध्ये पेरणी झाली की लागवड? समासात प्रश्न लिहितो. लेखक कळवतो, ‘लागवडच हो, रोपं पन्नास दिवसांची होती.’ म्हणजे ‘फिफ्टी-डे-ओल्ड सीडलिंग्ज वेअर ट्रान्सप्लांटेड इन डिसेंबर अँड ड्रिप-इरिगेटेड.’ हा प्रश्न विचारला नसता तर व्याकरण निर्दोष झालं असतं आणि पिकाचं वय जवळपास दोन महिन्यांनी चुकलं असतं.

तिसरं: ‘स्प्रे ऑफ फंगिसाइड वॉज टेकन ट्वाइस.’ फवारणी ‘घेतली’ ती इथे. पण ‘अ फंगिसाइड’ की ‘द फंगिसाइड’? औषधाचं नाव आणि प्रमाण वर येऊन गेलं असेल तर ‘द’. आलंच नसेल तर उपपदाचा प्रश्नच नाही, माहितीच राहून गेली आहे. तसंच इथे झालं होतं. उपपद ठरवता येत नाही म्हणून अडावं, आणि तिथे एखादी गोष्ट सांगायचीच राहिलेली निघावी, हे वारंवार घडतं.

चौथं: ‘आफ्टर सेकंड स्प्रे, फ्यू प्लॉट्स शोड न्यू लीजन्स.’ क्रमवाचक शब्दाला जवळपास नेहमी ‘द’, म्हणून ‘द सेकंड स्प्रे’. आणि ‘फ्यू’? तक्त्यात २४ पैकी ३ प्लॉट आहेत. लेखकाला सांगायचं होतं की नवे चट्टे थोडक्याच ठिकाणी दिसले, म्हणजे त्याच्या हातून ‘फ्यू’ चक्क बरोबर पडलं होतं! तरी आकडाच चांगला: ‘थ्री ऑफ द ट्वेंटी-फोर प्लॉट्स’. यातला मधला ‘द’ विसरू नये, कारण २४ प्लॉट वाचकाला आधीच माहीत आहेत.

पाचवं ते ‘अप टू’वालं. तक्ता म्हणतो, न फवारलेल्या प्लॉटमध्ये ३० आणि फवारलेल्यांत २०. मग ‘रिड्यूस्ड टू’ करायचं? मला तेही पटत नाही. ‘कमी झाली’ म्हटलं की एकाच प्लॉटवर आधी ३० होती आणि नंतर २० झाली असं चित्र उभं राहतं. इथे तर दोन वेगळ्या गटांची तुलना आहे. म्हणून ‘डिसीज सिव्हिअरिटी वॉज ३०% इन द अनस्प्रेड प्लॉट्स अँड २०% इन द स्प्रेड प्लॉट्स.’ वाक्य साधं आहे, थोडं नीरस आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

## काम कुठून सुरू करायचं

पेपर पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. आधी तक्ते आणि आकृत्या बघाव्यात, म्हणजे काय मोजलं, किती प्लॉट, किती गट हे डोक्यात बसतं आणि पुढे प्रत्येक ‘द’ कशाकडे बोट दाखवतो ते कळतं. मग ‘पद्धती’चा भाग, मग ‘निकाल’. प्रस्तावना शेवटी. ‘आजच्या युगात’ छापाची वाक्यं तिथेच असतात आणि ती खोडताना फार विचार करावा लागत नाही.

वर्डमध्ये ‘फाइंड’च्या प्रगत खिडकीत ‘यूज वाइल्डकार्ड्स’वर खूण करून खालचे नमुने एकेक टाकले, तर धोक्याच्या जागा पटापट सापडतात:

```
<[Ff]ew>
up to
<[Tt]he Table [0-9]
<[Ii]n [0-9]
```

शेवटचा नमुना ‘इन ६० अंश’ पकडतो, सोबत ‘इन २०२२’सारखे बरोबर प्रयोगही पकडतो. म्हणून ‘रिप्लेस ऑल’ला हात लावायचा नाही. सगळी दुरुस्ती ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून करायची आणि जिथे अर्थ बदलू शकतो तिथे दुरुस्ती न करता समासात प्रश्न लिहायचा. चांगला भाषा-तपासनीस ओळखायची एक खूण सांगतो: परत आलेल्या पेपरात नुसते लाल फराटे असतील आणि एकही प्रश्न नसेल, तर त्याने विषय न समजता काम उरकलं आहे.

## ‘पण आपली भारतीय इंग्रजी चूक का ठरवायची?’

हा आक्षेप रास्त आहे. इंग्रजी बोलणारे आपणही कमी नाही आणि आपली अशी एक इंग्रजी आहे. ‘ॲज पर’ लिहिल्याने कुणाचं आकाश कोसळत नाही. म्हणून मी दुरुस्त्यांचा भेद करतो. ‘फ्यू’, ‘अप टू’, ‘क्रॉप वॉज टेकन’, सुटलेला ‘द’ यांनी परदेशी वाचक चुकीचा निष्कर्ष घेऊन जातो, तिथे तडजोड नाही. ‘डिस्कस्ड अबाउट’ने फक्त ठेच लागते, काढून टाकावं, पण त्यासाठी कुणी स्वतःला अडाणी समजू नये. आणि नुसती चाल वेगळी असेल, वाक्य जरा लांब, जरा औपचारिक, तर मी हात लावत नाही. तो लेखकाचा आवाज आहे. पैसे वसूल झाले असं वाटावं म्हणून पान लाल करणारे तपासनीस तिथेच घोळ घालतात.

मातृभाषा इंग्रजी असलेलाच माणूस हवा, हेही मला पटत नाही. लंडनच्या माणसाला ‘क्रॉप वॉज टेकन’ चूक आहे एवढं कळेल, पण त्यामागे ‘पीक घेतलं’ आहे हे कळणार नाही. तो ‘हार्वेस्टेड’ करून मोकळा होईल, आणि पेरणीचं वाक्य काढणीचं होऊन बसेल.

## ‘दुसऱ्याकडून भाषा सुधारून घेणं ही लबाडी नाही?’

नाही, सांगून केलं तर नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई नावाने ओळखली जाते. लेखक कुणाला म्हणावं याचे तिचे निकष वैद्यकाबाहेरची अनेक जर्नलंही मानतात. लेखनात मदत, भाषा सुधारणं, मुद्रितशोधन एवढ्याच कामावर कुणी लेखक ठरत नाही, असं ती सांगते. अशा मदतीचा उल्लेख ऋणनिर्देशात करायचा. म्हणजे तपासनीसाचं नाव लेखकांत घालू नये आणि लपवूही नये. पेपरातल्या मजकुराची जबाबदारी लेखकाचीच राहते, म्हणून सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती स्वतः वाचून मगच स्वीकारायची.

पेपर स्वीकारला गेल्यावरही एक टप्पा उरतो, तो बहुतेक जण घाईत उरकतात. जर्नलचा स्वतःचा संपादक छपाईआधी भाषेवरून हात फिरवतो आणि प्रूफ पाठवतो, परत द्यायला बहुधा दोन-तीन दिवसांचीच मुदत असते. त्याला आपला विषय माहीत असेलच असं नाही. ‘थ्री ऑफ द ट्वेंटी-फोर प्लॉट्स’चं त्याने ‘अ फ्यू प्लॉट्स’ केलेलं असू शकतं, किंवा ‘फार्मर्स’च्या आधीचा आपण मुद्दाम लावलेला ‘द’ जास्तीचा म्हणून काढलेला असू शकतो. प्रूफमध्ये आपलं नाव आणि संस्थेचा पत्ता बघून झाला की सारांशातली आणि निष्कर्षातली वाक्यं जुन्या प्रतीशेजारी ठेवून वाचावीत, आणि बदललेला एकेक ‘द’ परत मागून घ्यावा.